बुलेटमधला लाँच प्लॅन आठवड्यांच्या तक्त्यात कसा बसवायचा: केळी वेफर्सचं उदाहरण

प्रश्न: फैजपूरजवळ आम्ही पाच जण मिळून (मी, काकू, चुलतभाऊ, दोन मित्र) केळी वेफर्सचा आपला ब्रँड काढतोय, नवरात्रीच्या उपवासाला दुकानात पाहिजे. पहिला माल १०० ग्रॅमची २००० पाकिटं. प्लॅन असा लिहिलाय: लायसन्स, रेसिपी फायनल, लॅब टेस्ट, पॅकिंग डिझाइन व छपाई, दुकानदारांशी बोलणे, मार्केटिंग, माल तयार करणे, लाँच. आजपासून १० आठवडे आहेत. याचा तक्ता करायचाय, कोणी करायचं, कोणत्या आठवड्यात सुरू, कोणत्या आठवड्यात संपणार. पण करायला बसलो की प्रत्येक कामासमोर १ ते १० असंच येतं आणि नाव सगळीकडे माझंच. कसं करतात हे?

उत्तर:

राम राम भाऊ. मी जळगाव एमआयडीसीत बरीच वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगचं काम केलंय, आधी चटईच्या युनिटमधे, आता पापड-मसाले-वेफर्सवाल्या छोट्या लोकांना तक्ते बसवून देतो. १ ते १० आणि सगळीकडे एकच नाव, हे जवळपास प्रत्येकाचं पहिल्यांदा होतं, कारण तुम्ही लिहिलीत ती कामं नाहीतच, ते विषय आहेत. "लायसन्स" हा विषय आहे. विषय कधी सुरू झाला नि कधी संपला ते सांगता येत नाही म्हणून तो दहाही आठवडे पसरतो, आणि विषयाची काळजी ज्याला जास्त त्याचं नाव समोर येतं, म्हणजे तुमचं.

म्हणून एक्सेल उघडायच्या आधी कागदावर एक काम करा. प्रत्येक बुलेट मोठ्याने वाचा आणि विचारा, हे झालं तेव्हा हातात काय असेल? जे हातात धरता येतं, बघता येतं किंवा मोजता येतं, ती तक्त्याची एक ओळ. "लायसन्स" वाचलं की दोन गोष्टी निघतात, एक म्हणजे अर्ज भरल्याची पावती आणि दुसरी म्हणजे तो १४ अंकी एफएसएसएआय नंबर. पहिली तुमच्या हातात आहे, फॉसकॉस पोर्टलवर एका दुपारी होते, कागदं तयार असली तर. दुसरी तुमच्या हातात नाही, तिथे फक्त वाट बघायची आणि काही त्रुटी काढली तर लगेच उत्तर द्यायचं. या दोन्ही एकाच ओळीत कोंबल्या की तक्ता खोटं बोलायला लागतो, कारण बघणाऱ्याला वाटतं तुम्ही तीन आठवडे लायसन्सचं काम करताय, आणि प्रत्यक्षात तुम्ही एक दिवस काम केलंय नि बाकी वाट बघताय. करायचं काम आणि वाट बघायचं काम वेगळ्या ओळीत, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण लाँच हुकतो तो बहुतेक वेळा वाट बघायच्या ओळीत हुकतो.

"पॅकिंग डिझाइन व छपाई" मधे तर चार ओळी आहेत: कच्चं डिझाइन, पक्कं लेबल (प्रूफ वाचून सही केलेलं), छापून आलेले लेबल, आणि कोरे पाउच. "मार्केटिंग" मी खाली तक्त्यात धरलेलंच नाही, कारण त्यात तुम्हाला काय हातात पाहिजे ते तुम्ही लिहिलं नाही. दुकानासमोर लावायचं पोस्टर पाहिजे असेल तर "पोस्टर छापून आलं" अशी ओळ घाला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचे असतील तर "पहिल्या घाण्याचे फोटो काढून झाले" अशी घाला, पण तो शब्द जसाच्या तसा ठेवू नका.

किती बारीक तोडायचं, तर माझा अंदाज असा की दोन दिवसांपेक्षा लहान काम असेल आणि त्यामागे वाट बघायची ओळ नसेल तर वेगळी ओळ नको, शेजारच्या कामात जाऊ द्या, आणि तीन आठवड्यांपेक्षा लांब निघालं तर त्यात नक्की दोन कामं लपलेली आहेत, तोडा. दहा आठवड्यांच्या लाँचला १५-१८ ओळी होतात. चाळीस झाल्या तर दुसऱ्या आठवड्यानंतर कोणी तो तक्ता उघडत नाही.

आता आठवडे. इथे सगळे आठवडा १ पासून भरायला लागतात आणि तिथेच फसतं. तुमची तारीख शेवटी बांधलेली आहे, ११ ऑक्टोबर २०२६, रविवार, घटस्थापना. म्हणून शेवटून मागे भरायचं, आणि आधी "संपेल" भरायचं, मग किती वेळ लागतो ते वजा करून "सुरू" काढायचं. आठवडा १ सोमवारी ३ ऑगस्टला सुरू धरला तर आठवडा १० शनिवारी १० ऑक्टोबरला संपतो, दुसऱ्या दिवशी घट बसतात.

पण त्याआधी नुसत्या आकड्यांच्या शेजारी पंचांग मांडा भाऊ, आपल्याकडे याच्याशिवाय तक्ता चालत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे २३ ऑगस्ट, आठवडा ३ चा शेवट, आणि सोमवारी विसर्जन, म्हणजे काकूंच्या घरी कानबाई बसत असेल तर आठवडा ४ चा सोमवार गेला आणि त्याच्या आधीचे दोन दिवस रोटांच्या तयारीत. आठवडा ६ मधे पोळा. आठवडा ७ चा सोमवार म्हणजे गणेश चतुर्थी, आठवडा ८ चा शुक्रवार म्हणजे अनंत चतुर्दशी. आणि आठवडा ९-१० पूर्ण पितृपक्ष. शेवटचं सगळ्यात जास्त लक्षात घ्या, कारण बरेच दुकानदार पितरांमधे नवीन काही चालू करत नाहीत, नवीन ब्रँडला हो म्हणत नाहीत, पण आधीच हो म्हटलेला उपवासाचा माल ते त्याच दिवसात भरतात. म्हणजे ऑर्डर घेणं पितृपक्षाच्या आधी आणि माल पोचवणं पितृपक्षात, असे दोन तुकडे आपोआप पडले. आणि गणपतीत छपाईवाले मंडळांच्या कामात बुडालेले असतात, तेव्हा लेबल त्याच्या आधी उरकलेले बरे.

आता मागून चालू. आठवडा १० मधे माल दुकानात. त्यासाठी तळणं आणि भरणं आठवडा ९ ला संपायला हवं. २००० पाकिटं गुणिले १०० ग्रॅम म्हणजे २०० किलो तयार वेफर्स. तुम्ही रोज किती काढू शकता ते लिहिलं नाही, मी २५ किलो धरतो, म्हणजे आठ दिवस लागतील. आठवडा ९ मधे सहाच दिवस आहेत, मग तळणं आठवडा ८ मधे सुरू करावं लागेल, त्यात शुक्रवार विसर्जनाचा गेला, म्हणजे पाच दिवस तिथले आणि तीन दिवस आठवडा ९ चे, उरलेले तीन दिवस भरण्या-सीलिंगला. बसलं. पण १५ किलोच निघत असेल तर चौदा दिवस लागतील आणि हे सगळं मोडेल, म्हणून ही संख्या काकूंना विचारून नाही तर एक दिवस तळून, तराजूवर मोजून घ्या. दहा किलो कच्च्या केळीतून किती वेफर उतरले ते पण त्याच दिवशी लिहा, भाव काढायला तोच आकडा लागतो.

तळणं आठवडा ८ ला म्हणजे लेबल आणि पाउच आठवडा ७ च्या शेवटी घरात पाहिजे. लेबलच्या आधी पक्कं डिझाइन, त्याच्या आधी एफएसएसएआय नंबर, कारण तो नंबर लेबलवर लागतो, आणि लॅबचा रिपोर्ट, कारण पोषणाचे आकडे त्यातून येतात. लॅबच्या आधी रेसिपी, कारण तेल किंवा मीठ बदललं की रिपोर्ट बाद. माझ्या पहिल्या हिशोबात मी रेसिपीला दोन आठवडे दिले होते. मग लॅब ३-४, पक्कं लेबल ५, छपाई ६-७, आणि आठवडा ८ ला तळणं, म्हणजे कागदावर बसतं, पण छपाईचा शेवट चतुर्थीच्या आठवड्यात जातो आणि मधे एक दिवसही मोकळा नाही. अशा वेळी बहुतेक लोक छपाईला दोनाऐवजी एक आठवडा लिहून टाकतात. ते करू नका, छपाईवाला तुमच्या तक्त्यात काम करत नाही. जे आपल्या घरात आहे ते दाबा. रेसिपी काकूंच्या हातात आहे, ती एका आठवड्यात होते, उपवासाचीच ठेवायची तर शेंगदाणा तेल नि सैंधव एवढंच ठरवायचंय (हळद घातलेले पिवळे वेफर बऱ्याच घरी उपवासाला चालत नाहीत, ते लाँचनंतर काढा). तेवढं केलं की तिच्यानंतरची पूर्ण साखळी एक आठवडा आधी येते आणि आठवडा ७ मोकळा मिळतो. तो मोकळाच ठेवा, त्याला तक्त्यात स्वतःची ओळ द्या.

हा झाला तुमचा तक्ता, दोन मित्रांतला एक डिझाइन बघेल आणि दुसरा दुकानं असं धरून:

| क्र. | काम (हातात काय) | जबाबदार | सुरू | संपेल | कशानंतर |
|---|---|---|---|---|---|
| 1 | रेसिपी पक्की, वजनं लिहून | काकू | 1 | 1 | |
| 2 | एफएसएसएआय अर्जाची पावती | तुम्ही | 1 | 1 | |
| 3 | १४ अंकी नंबर आला (वाट) | तुम्ही | 2 | 3 | 2 |
| 4 | लॅब रिपोर्ट आला (वाट) | चुलतभाऊ | 2 | 3 | 1 |
| 5 | लेबलचं कच्चं डिझाइन | डिझाइनवाला मित्र | 2 | 3 | 1 |
| 6 | पाकिटाचा खर्च, भाव ठरला | तुम्ही | 2 | 2 | 1 |
| 7 | लेबल पक्कं, प्रूफवर सही | डिझाइनवाला मित्र | 4 | 4 | 3 |
| 8 | कोरे पाउच घरात | चुलतभाऊ | 4 | 5 | 1 |
| 9 | लेबल छापून घरात (वाट) | डिझाइनवाला मित्र | 5 | 6 | 7 |
| 10 | चवीचे नमुने तयार | काकू | 4 | 4 | 6 |
| 11 | दुकानांच्या ऑर्डरी लिहून घेतल्या | दुकानवाला मित्र | 5 | 6 | 10 |
| 12 | कच्च्या केळीचं बोलणं पक्कं | तुम्ही | 7 | 7 | 11 |
| 13 | मोकळा आठवडा | | 7 | 7 | 9 |
| 14 | तळणं, २०० किलो | काकू | 8 | 9 | 12 |
| 15 | भरणं, सीलिंग, लेबल लावणं | चुलतभाऊ | 8 | 9 | 13 |
| 16 | माल दुकानात पोचला | दुकानवाला मित्र | 10 | 10 | 15 |

मी स्टिकर लेबल धरलंय, छापील पाउच नाही, आणि हे खर्चापेक्षा तक्त्यासाठी जास्त आहे. छापील पाउचला प्रत्येक रंगाचा सिलिंडर बनतो, कमीत कमी किती घ्यावे लागतील ते छपाईवाला ठरवतो, आणि सिलिंडर झाला की नंबर किंवा पत्ता बदलता येत नाही. स्टिकरचं तसं नाही. समजा एफएसएसएआय नंबर आठवडा ३ ऐवजी ४ मधे आला, तर पक्कं लेबल ५ मधे, छपाई ६-७, मोकळा आठवडा खाल्ला गेला पण तळणं ८ मधेच सुरू. समजा ५ मधे आला, तरी काकू आठवडा ८ मधे कोऱ्या पाउचमधे माल भरून सील करू शकतात, लेबल ८ च्या शेवटी आले की चुलतभाऊ आठवडा ९ मधे चिकटवत बसेल, विक्रीला बाहेर जाताना लेबल असलं म्हणजे झालं. छापील पाउच असता तर भरणंच थांबलं असतं. मात्र सहाव्या आठवड्याच्या शेवटपर्यंत नंबर नाही आला तर नवरात्र सोडून दिवाळी धरा, बिननंबरी माल विकायला काढू नका.

भाव, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि शेवटची तारीख लेबलवर छापू नका, जागा मोकळी सोडून शिक्क्याने मारा. म्हणजे भाव बदलला तरी लेबल वाया जात नाहीत, आणि टिकतं किती ते कळायला वेळ मिळतो. नमुन्यांतली दहा-बारा सीलबंद पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक उघडून वास घ्या, तेल खवट व्हायला लागलं की कळतं. आठवडा ४ ते ९ म्हणजे पाचच आठवड्यांचा पुरावा मिळतो, त्यावर सहा महिने लिहिता येत नाही हे लक्षात ठेवा.

आता नावं. प्रत्येक ओळीला एकच नाव, "आम्ही" नाही, "काकू + चुलतभाऊ" पण नाही. नाव म्हणजे ते काम स्वतःच्या हाताने करणारा असं नाही, ते झालं की नाही हे विचारलं तर उत्तर देणारा. तळायला तिघं बसतील पण २०० किलो झाले का हे काकू सांगतील. वाट बघायच्या ओळीलाही नाव हवंच, उलट तिथे जास्त हवं. आमच्याकडे एका पापडवाल्यांचं झालं होतं, लॅबला सॅम्पल गेलं, रिपोर्टसमोर कोणाचंच नाव नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसरा फोन करतोय, आणि सॅम्पल कमी पडलंय म्हणून तिकडे थांबलंय हे बारा दिवसांनी कळलं. नाव असतं तर तिसऱ्या दिवशी कळलं असतं. आणि नाव लिहिताना माणूस समोर बसलेला असू द्या, काकूंना विचारल्याशिवाय काकूंचं नाव टाकू नका, त्या कानबाईत आहेत हे तुम्हाला तेव्हाच कळेल.

एक्सेलमधे कॉलम A ला क्रमांक, B काम, C जबाबदार, D सुरू, E संपेल, F कशानंतर. आठवडे नुसता आकडा लिहा, "आठवडा ४" किंवा "ऑगस्टचा शेवट" असं नाही, आणि आकडे इंग्रजी अंकात टाका, देवनागरी अंक बऱ्याचदा मजकूर म्हणून बसतात आणि मग सूत्र चालत नाही. G मधे तपासणी:

```
=IF(F2="","",IF(D2<=INDEX(E:E,MATCH(F2,A:A,0)),"धडक","ठीक"))
```

ज्या कामानंतर हे सुरू व्हायचं ते संपायच्या आधीच सुरू दाखवलं असेल तर "धडक" येईल. F मधे एकच क्रमांक बसतो, म्हणून अनेक कामांवर अवलंबून असेल तर त्यातलं सगळ्यात उशिरा संपणारं लिहा. ओळ ७ ही ३, ४ आणि ५ तिन्हींवर अवलंबून आहे, मी ३ लिहिलंय कारण तिथे धोका जास्त वाटतो, पण लॅबचा रिपोर्ट लांबला तर F मधे ४ करायचं तुम्हाला आठवणीने करावं लागेल, सूत्र ते सांगणार नाही.

पहिल्या ओळीत H1 पासून 1 ते 10 लिहा, H2 पासून खालचा भाग निवडा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगला हे द्या, म्हणजे प्रत्येक कामाची पट्टी रंगते:

```
=AND(H$1>=$D2,H$1<=$E2)
```

आणि तक्त्याच्या खाली प्रत्येक माणसाची एक ओळ, कोणत्या आठवड्यात त्याच्याकडे किती कामं आहेत ते मोजायला:

```
=COUNTIFS($C$2:$C$17,"काकू",$D$2:$D$17,"<="&H$1,$E$2:$E$17,">="&H$1)
```

एका माणसाकडे एका आठवड्यात करायची दोन कामं चालतात, तीन झाली तर एक सरकवा किंवा नाव बदला. वाट बघायची ओळ मी यात अर्धी धरतो, कारण तिला आठवड्यातून दोन फोन पुरतात. वरच्या तक्त्यात सगळ्यात भरलेला माणूस तुम्ही आठवडा २ मधे आहात, नंबरची वाट आणि भाव काढणं, आणि ते झेपतं. तुमच्या पहिल्या तक्त्यात दर आठवड्याला तुमच्याकडे आठ कामं दिसली असती.

एकदा तक्ता चालू झाला की दर शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं पाचही जण बसा. E मधला आकडा बदलू नका, शेजारी "खरं संपलं" असा नवीन कॉलम करा आणि तिथे लिहा. जुना आकडा खोडला की आपण किती चुकलो ते कळत नाही, आणि दिवाळीचा माल लावताना तेच उपयोगी पडतं. शनिवारी दोनच प्रश्न विचारायचे, या आठवड्यात संपायची कोणती ओळ संपली नाही, आणि तिच्यामुळे पुढे कुठे "धडक" येते.

माझे दोन आकडे अंदाजाचे आहेत, रोजचे २५ किलो आणि छपाईचे दोन आठवडे. पहिला काकू एक दिवस तळून सांगतील. दुसऱ्यासाठी डिझाइनवाल्या मित्राला आजच छपाईवाल्याला फोन करायला सांगा, नुसतं "किती दिवस" नको, "पोळ्याच्या आधी हातात मिळेल का, आणि त्यासाठी प्रूफ तुम्हाला कोणत्या तारखेला पाहिजे" असं विचारायचं. तो जी तारीख सांगेल तिच्या आठवड्याचा आकडा ओळ ७ च्या "संपेल" मधे जातो, आणि ती आठवडा ४ च्या आधीची निघाली तर सगळ्यात आधी ओळ ३ कडे बघा, अर्ज या आठवड्यातच गेला पाहिजे.